नोकरी करणाऱ्या आईला सकाळचा मेसेज पाठवताय? या चुका टाळा

डोंबिवलीत राहणारी, फोर्टमधल्या बँकेत नोकरी करणारी एक ताई. मुलगा तिसरीत. बढतीसाठी तिने जेएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केलाय: 4 पेपर, प्रत्येकी 100 वस्तुनिष्ठ प्रश्न. मोकळा वेळ म्हणाल तर लोकलमधला, तोही बसायला मिळालं तर. धाकटी बहीण तिला रोज सकाळी मेसेज पाठवते:

"सुप्रभात ताई! जे थांबत नाहीत त्यांनाच यश मिळतं. आज स्वतःसाठी एक तास काढ. बाळाला तुझा अभिमान वाटेल. उठलीस का? कळव."

या मेसेजमागे माया आहे, तरी ताईला त्याचा उपयोग होत नाही. का होत नाही ते वाक्यावाक्याने पाहू.

"एक तास काढ" ही सगळ्यात मोठी चूक. ताईकडे तास नाहीच, त्यामुळे हा सल्ला वाचताक्षणीच ती नापास होते. शिवाय काय करायचं, कधी करायचं, हे ठरवण्याचं कामही तिच्यावरच पडतं. सकाळी डबा, दप्तर, गणवेश या गडबडीत ठरवणंच सर्वात जड जातं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 1999 मध्ये एका लेखात मांडलं होतं, की नुसत्या इच्छेपेक्षा "अमुक झालं, की तमुक करेन" असा नेमका बेत जास्त वेळा पार पडतो. ठरलेला क्षण आला की कामाची आठवण आपोआप होते. म्हणून मेसेजमध्ये तास मागू नका, क्षण सांगा: गाडी सुटली की 5 प्रश्न. काम इतकं लहान हवं, की ठाणे यायच्या आत उरकेल.

"बाळाला अभिमान वाटेल" हे वाक्य मला सर्वात जास्त खटकतं. ज्या दिवशी अभ्यास होणार नाही, त्या दिवशी याच वाक्याचा अर्थ "तू मुलासाठीही एवढं करत नाहीस" असा होतो. मुलाला वेळ कमी पडतो ही टोचणी तिच्या मनात आधीपासून असतेच. मूल, सासर, "बाकीच्या कशा पहाटे उठतात", यातलं काहीही मेसेजमध्ये आणू नये.

"कळव" म्हणजे आणखी एक काम. ताईकडून नुसता अंगठा येऊ लागला, किंवा "सॉरी गं, आज नाही जमलं" अशी उत्तरं यायला लागली, तर तुमचा मेसेज हजेरीपट झालाय असं समजा. "उत्तर नको" हे दोन शब्द स्पष्ट लिहा आणि ते खरोखर पाळा. संध्याकाळी "झाले का प्रश्न?" असं विचारलंत, तर सकाळचे ते दोन शब्द खोटे ठरतात.

सुरुवातीचं "सुप्रभात" आणि सुविचारही काढून टाका. फोन न उघडता पडद्यावर पहिले थोडेच शब्द दिसतात, तिथे कामाची गोष्ट असायला हवी. फुलांची चित्रं तर नकोतच.

आता तोच मेसेज दुरुस्त करून:

"ताई, काल ताळेबंदाचा धडा संपवलास. आज गाडीत बसायला मिळालं, की त्यावरचे फक्त 5 प्रश्न. उभीच असलीस तर राहू दे. उत्तर नको."

आणि याचा साचा असा:

"(हाक), काल (खरंच झालेली एक गोष्ट). आज (ठरलेला क्षण) आला, की (छोटं काम). (नेहमीची अडचण) आली तर राहू दे. उत्तर नको."

कंसातलं प्रत्येक वेळी बदलायला हवं. कालची गोष्ट माहीत नसेल तर ते वाक्य गाळा. "छान चाललंय तुझं" असं मोघम लिहिलंत, तर साचा लगेच ओळखू येतो. ही माहिती मिळवायला रविवारी एकदाच फोन करा: कोणता धडा चालू आहे, महिनाअखेरीचं काम कधी आहे, मुलाची चाचणी कोणत्या दिवशी? चाचणीच्या दिवशी अभ्यासाचा मेसेज नको. मुलाला ताप आला असेल तर साचा पूर्ण बाजूला ठेवा आणि "औषध आणून देऊ का?" एवढंच विचारा.

वेळेचंही तसंच. सव्वासहाला ताईचे हात कणकेत असतात. तेव्हा आलेला मेसेज ती ओझरता पाहते आणि तो खाली जातो. ती फलाटावर पोचते त्या सुमाराला पाठवा. सकाळी तुमचीही घाई असेल, तर रात्रीच तिच्या चॅटमध्ये मजकूर टाइप करून ठेवा, न पाठवता. सकाळी फक्त बटण दाबायचं उरतं.

रोज पाठवायची गरज नाही. आठवड्यातून तीनदा पुरे. त्यातही सोमवार धरा, कारण सुट्टीनंतर सुटलेला धागा त्या दिवशी शोधावा लागतो.