नव्या सहकाऱ्याचं स्वागत कंपनीच्या पेजवर करताना या चुका टाळा

नाशिकच्या अंबड आणि सातपूर एमआयडीसीतल्या कितीतरी कंपन्यांची आता लिंक्डइनवर पेजेस आहेत. तिथल्या स्वागताच्या पोस्ट वाचल्या तर बहुतेकींचा मजकूर साधारण असाच असतो: "आमच्या परिवारात @नाव यांचं हार्दिक स्वागत! त्यांच्या अनुभवाचा कंपनीला नक्कीच फायदा होईल. पुढील वाटचालीस शुभेच्छा." यातलं नाव बदललं की हाच मजकूर अकाउंटंटला, स्टोअरकीपरला, डिझाइन इंजिनीअरला, कुणालाही चालतो. आलेल्या माणसालाही ते कळतं.

ही चूक लिहिण्यात होत नाही, त्याआधीच झालेली असते. लिहिणाऱ्याच्या हातात फक्त बायोडेटा असतो. त्यातून पदवी, वर्षं आणि जुन्या कंपनीचं नाव एवढंच मिळतं. म्हणून पोस्ट पहिल्या दिवशी टाकण्याची घाई करू नका. चार-पाच दिवस जाऊ द्या आणि मग त्यांच्याशी दहा मिनिटं बोला. "मॅडम, या आठवड्यात तुमच्या हाताखालून काय काय गेलं? आधीच्या कामातलं इथे काय उपयोगी पडतंय? कामाबाहेरचं एखादं काही लिहिलं तर चालेल का?" हेच त्यांच्या सुपरवायझरलाही विचारा. त्यांनी पाहिलेलं बरंचसं नवी व्यक्ती संकोचाने सांगत नाही.

समजा, शाफ्टचं ग्राइंडिंग करणाऱ्या अंबडच्या एका शॉपमध्ये क्वालिटी इंजिनीअर रुजू झाल्या आहेत. विचारपूस केल्यावर पोस्ट अशी होऊ शकते:

"फायनल इन्स्पेक्शन आता @नाव पाहणार आहेत. चाकणला चार वर्षं त्यांनी गिअरबॉक्सचे शाफ्ट तपासले. इथे आल्यावर त्यांनी ग्राइंडिंगच्या ऑपरेटरांसोबत मशीनवर उभं राहून मोजमाप कुठे आणि कसं घ्यायचं ते ठरवलं. मूळच्या निफाडच्या आहेत. रविवारी रामशेजवर जायचा बेत असेल तर त्यांना जरूर सांगा. मॅडम, तुम्ही आलात, आम्हाला फार बरं वाटलं."

यात एकही मोठं विशेषण नाही, तरी हे दुसऱ्या कुणाला लावता येणार नाही. मजकुराचा क्रमही मुद्दाम ठरवलेला आहे. मोबाइलवर पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं उघडावं लागतं. त्या ओळी "कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे" यात खर्च झाल्या, तर कोण आलं आणि काय करणार हेच झाकलं जातं.

नेमकेपणाच्या नादात दुसऱ्या टोकाची चूकही होते. याच इंजिनीअरनी पहिल्या आठवड्यात कॅलिब्रेशनची मुदत संपलेली गेजेस शोधून बाजूला काढली असतील, तर ते कौतुक शॉपमध्ये जरूर करा, पण पेजवर लिहू नका. तुमचं पेज ग्राहकही वाचतात आणि त्यांना त्यात मुदत संपलेली गेजेस तेवढी दिसतील. फोटोचंही तसंच आहे. मशीनजवळचा फोटो पुष्पगुच्छाच्या फोटोपेक्षा नक्कीच चांगला, पण मागे टेबलावर ग्राहकाचं ड्रॉइंग किंवा पार्ट नंबर दिसत नाही ना, हे फोटो मोठा करून पाहा. गाव, छंद, आधीची कंपनी या गोष्टी लिहिण्याआधी पूर्ण मजकूर त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि "चालेल" असं स्पष्ट उत्तर येईपर्यंत थांबा. जुन्या कंपनीतून रिलीव्हिंग लेटर मिळायचं असेल, तर पोस्ट आणखी लांबवणं बरं.

पोस्ट टाकल्यावर टॅग लागलाय का ते तपासा. नुसतं नाव टाइप करून टॅग होत नाही. @ टाइप करून नाव सुरू केल्यावर खाली येणाऱ्या यादीतून त्यांची प्रोफाइल निवडावी लागते. टॅग लागला असेल तर नावावर क्लिक केल्यावर प्रोफाइल उघडते. यादीत नाव येतच नसेल, तर त्यांनी आपल्या सेटिंग्जमध्ये टॅग करण्याची परवानगी बंद ठेवलेली असू शकते. त्यांना विचारा, आणि ती तशीच ठेवायची असेल तर साधं नाव लिहून पोस्ट टाका.

खाली सगळे "अभिनंदन" एवढंच लिहीत असतील, तर ज्यांनी त्यांच्यासोबत खरंच काम केलं त्या एक-दोघांना सांगा, "भाऊ, काय घडलं ते तुमच्या शब्दांत लिहा." ग्राइंडिंगवरच्या ऑपरेटरने लिहिलेल्या दोन ओळी त्या इंजिनीअरना संचालकांच्या शुभेच्छांहून जवळच्या वाटतील.

एक गोष्ट पोस्टच्या आधी त्यांच्या कानावर घालाच. नवीन रुजू झालेल्यांची नावं अशा पोस्टमधून शोधून, मालकांच्या नावाने "मी मीटिंगमध्ये आहे, तातडीने गिफ्ट व्हाउचर घेऊन कोड पाठवा" असे मेसेज पाठवणारे भामटे असतात. नव्या माणसाला साहेबांचा नंबर पाठ नसतो आणि नाही म्हणायला जड जातं. म्हणून पोस्टमध्ये त्यांचा ईमेल किंवा मोबाइल नंबर देऊ नका, आणि आपल्याकडे पैशांचं काम मेसेजवर कुणीही सांगत नाही, असा मेसेज आला तर थेट अकाउंट्सला फोन करा, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.