टिंब, कमान आणि पेडल: पियानो शिकताना या चुका टाळा

सूर बरोबर, लय बरोबर, तरी धून निर्जीव वाटते? मग स्वरांवरच्या बारीक खुणा वाचायच्या राहून गेल्यात.

मला सगळ्यात छळणारी चूक दोन स्वरांच्या स्लरची, म्हणजे स्वर जोडून वाजवायला सांगणाऱ्या कमानीची. मोझार्टच्या ४० व्या सिंफनीची (१७८८) सुरुवात घ्या. सलील चौधरींनी ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’ याच धुनेवरून बांधलं, त्यामुळे ती आपल्या कानात असतेच. स्वर तीन: ई फ्लॅट, डी आणि पुन्हा डी. स्लरची कमान फक्त पहिल्या दोघांवर आहे, तिसरा सुटा. स्लरचा पहिला स्वर हाताचं वजन टाकून वाजवायचा, दुसरा त्याच हालचालीत हलका, मनगट वर घेत. मोझार्टच्या वडिलांनी, लिओपोल्डनी, १७५६ च्या व्हायोलिनवरच्या पुस्तकात हेच सांगितलंय: स्लरमधला पहिला स्वर किंचित ठळक, पुढचे मऊ.

एका कार्यक्रमाच्या तालमीत एका मुलाने ही धून सूर लांबवणारं पेडल गच्च दाबून वाजवली. दोन्ही डी एकमेकांत मिसळले, धुनेतला सुस्कारा गेला. वर म्हणतो, “सर, स्लर आहे ना, मग जोडलेलंच वाजतंय की!” पाय काढायला लावला, तर बोटं नुसती उड्या मारत होती. पेडलने बोटांचा आळस झाकला जातो, म्हणून सुरुवातीला मी पेडलला हातच, म्हणजे पायच, लावू देत नाही. तिसऱ्या-दुसऱ्या बोटाने दोनच स्वर, ‘जड-हलकं’ म्हणत, सावकाश वाजवायचे. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. दुसरा स्वर पहिल्याहून मोठा आला, तर स्लर चुकला. मग तिसरा जोडा. पट्टी तीच असल्यामुळे बोट उचलावंच लागतं आणि हवी ती बारीक फट आपोआप पडते.

हार्मोनियमवरून आलेल्यांचं लेगाटो, म्हणजे स्वर सलग जोडून वाजवणं, वेगळ्याच प्रकारे बिघडतं. पुढची पट्टी दाबली तरी आधीची सोडत नाहीत, आणि दोन स्वर एकमेकांवर चढतात. एक खाली जाताना दुसरी वर यायला हवी.

स्टकाटोत, म्हणजे टिंब दिलेले स्वर तोडून वाजवताना, घाई नडते. टिंबाने स्वर साधारण निम्मा होतो, पण उरलेली शांतता मोजायचीच असते. नवशिके ती गिळतात आणि लय पळते. ‘एक-आणि’ मोजा: ‘एक’वर स्वर, ‘आणि’वर हात मोकळा. संथ धुनेतलं टिंब टोचून वाजवायचं नसतं, हेही कोणी ऐकत नाही. आणि टिंब स्वराच्या वर किंवा खाली असेल तरच स्टकाटो. शेजारी असेल तर स्वर उलट दीडपट लांबतो.

ॲक्सेंट, म्हणजे एखाद्या स्वरावर द्यायचा जोर, आजूबाजूच्या स्वरांच्या तुलनेत असतो. हळू आवाजात चाललेल्या भागात त्यावर हातोडा मारू नका.

कमानीने एकाच उंचीचे दोन लागोपाठ स्वर जोडले असतील तर तो टाय. दुसरा पुन्हा वाजवायचा नाही, धरून ठेवायचा.