परजीवींची मोजणी: प्रादुर्भाव, तीव्रता आणि विपुलता यांतील या चुका टाळा

रोहूच्या तळ्यात अर्ग्युलस, म्हणजे माशांवरच्या उवा, झाल्या की नमुन्याचे मासे पकडून उवा मोजल्या जातात आणि अहवालात ‘सरासरी 12 उवा’ असे लिहिले जाते. ही सरासरी नमुन्यातील सगळ्या माशांची आहे की फक्त उवा सापडलेल्या माशांची, हे त्यातून कळत नाही, आणि पहिली चूक येथेच होते.

हिशेबासाठी 20 माशांचा एक कल्पित नमुना घेऊ. त्यातील 8 माशांवर एकही ऊ नाही. उरलेल्या 12 माशांवर अनुक्रमे 1, 1, 2, 2, 3, 4, 5, 7, 10, 15, 40 आणि 150 अशा एकूण 240 उवा आहेत. 20 पैकी 12 मासे बाधित, म्हणून प्रादुर्भावाचे प्रमाण, म्हणजेच प्रिव्हलन्स, 60 टक्के. 240 ला बाधित 12 माशांनी भागले की सरासरी तीव्रता 20 येते, आणि तपासलेल्या सगळ्या 20 माशांनी भागले की सरासरी विपुलता 12 येते. बुश आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये या संज्ञा नेमक्या केल्या आणि आज त्याच अर्थाने त्या वापरल्या जातात. प्रमाणाला तीव्रतेने गुणल्यावर विपुलता मिळालीच पाहिजे (0.60 × 20 = 12). हा गुणाकार जुळत नसेल, तर शून्य उवांचे मासे कुठेतरी गळले आहेत किंवा भाजक चुकला आहे असे समजावे. भाजकाचा आकडा प्रत्येक सरासरीशेजारी लिहिला, तर हा घोळ मुळातच होत नाही.

दुसरी चूक अधिक खोलवरची आहे. अनेक अहवालांत ‘12 ± 34’ अशी सरासरी आणि प्रमाण विचलन यांची जोडी छापलेली असते. आपल्या नमुन्याचे प्रमाण विचलन खरोखरच सुमारे 34 येते, पण उणे 22 उवा कोणत्याच माशावर नसतात. 150 उवांचा तो एक मासा वगळून पाहा: प्रमाण 60 वरून जेमतेम 58 टक्क्यांवर येते, मात्र तीव्रता 20 वरून सुमारे 8 वर आणि विपुलता 12 वरून 5 च्याही खाली उतरते. म्हणून तो मासा ‘अपवाद’ म्हणून काढून टाकणे हा मोठाच अपराध ठरतो. दोन सर्वाधिक बाधित माशांवर मिळून 190, म्हणजे एकूण उवांच्या 79 टक्के उवा आहेत. त्यांना काढले तर परजीवींची बहुतांश संख्याच नोंदीतून जाते. त्याऐवजी सरासरीबरोबर तीव्रतेचा मध्यक (येथे 4.5) द्यावा आणि विश्वासांतर बूटस्ट्रॅप पद्धतीने, म्हणजे याच नमुन्यातून पुन्हा पुन्हा यादृच्छिक मासे निवडून, काढावे. दोन तळ्यांची तुलना करताना टी-चाचणीवर विसंबू नये.

उवा माशांवर निव्वळ योगायोगाने पडल्या असत्या, तर पॉयसाँ वितरणानुसार प्रचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, सरासरीइतकेच राहिले असते, आणि सरासरी 12 असताना एखाद्या माशावर एकही ऊ नसण्याची शक्यता लाखात एकाहूनही कमी असती. येथे तसे 8 मासे आहेत आणि प्रचरण सरासरीच्या 95 पट आहे. परजीवींच्या बाबतीत ही दाटी, म्हणजे थोड्या यजमानांवर बहुतेक परजीवी असणे, नेहमीचीच असते. क्रॉफ्टन यांनी 1971 मध्ये अशा विषम वाटणीला निगेटिव्ह बायनॉमियल वितरणाच्या चौकटीत बसवले. त्यातील k हा दाटी दाखवणारा आकडा जितका लहान, तितकी दाटी जास्त.

अर्ग्युलसमध्ये ही दाटी कशी होते, ते त्याच्या जीवनक्रमातून समजते. मादी माशाला सोडून दगड, लाकूड अशा पाण्यातील टणक पृष्ठभागावर अंडी घालते. एका जागची पिल्ले साधारण एकाच सुमारास बाहेर पडतात आणि त्या वेळी जवळपास असणाऱ्या माशांना ती जास्त लागतात. मोठ्या माशाला अंगच जास्त असते, अशक्त मासा उवा झटकू शकत नाही आणि प्रत्येकाची प्रतिकारशक्तीही सारखी नसते. या सगळ्या असमानता एकमेकींत मिसळून आपल्याला दिसणारी दाटी तयार होते. म्हणूनच लहान-मोठे मासे, किंवा रोहू आणि कटला, एकाच रकान्यात घातले, तर दिसणारी दाटी यजमानांतील फरकाची आहे की त्या सरमिसळीची, हे ओळखता येत नाही.

मोजणीतही दाटी बिघडते. अर्ग्युलस पोहणारा कवचधारी जीव आहे. मासा जाळ्यात आला की काही उवा सुटून पाण्यात जातात किंवा शेजारच्या माशाला चिकटतात. सगळे मासे एकाच टबात ठेवले, तर उवा आपोआप वाटल्या जातात आणि खरी दाटी कमी दिसते. प्रत्येक मासा जाळ्यातून काढताच वेगळ्या पिशवीत ठेवावा, परांच्या बुडाशी आणि कल्ल्यांच्या झाकणाखाली पाहावे, शिवाय पिशवीतले पाणीही तपासावे.

नमुन्याचा आकार हा उरलेला प्रश्न. वरच्या 20 माशांतून कोणतेही 10 उचलले, तर 150 उवांचा मासा निम्म्या वेळा हातीच लागत नाही, आणि तेव्हा तळे बरेच स्वच्छ वाटते. सर्वाधिक बाधित मासे मरून आधीच बाहेर काढले गेले असतील, तर मोठ्या नमुन्यातही तीव्रता कमी आणि दाटी सौम्य दिसते. अशा तळ्यात मेलेल्या माशांची नोंद मोजणीच्या तक्त्याशेजारीच ठेवावी लागते.