‘दादर (प.)’चं ‘दादर (पथ)’ झालं तेव्हा

आमच्या मंडळाच्या सभासदांचे पत्ते एका शीटमध्ये होते आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीने लिहिलेले: कुठे ‘मा.’, कुठे ‘चौ.’, कुठे ‘प.’. पाकिटांवर छापायला पूर्ण शब्द हवे होते, म्हणून मी सरसकट फाइंड अँड रिप्लेस केलं. ‘दादर (प.)’ लगेच ‘दादर (पथ)’ झालं. ‘मा.’ तर नावाआधी माननीय असतो आणि रस्त्यानंतर मार्ग.

मग मी पत्ता फोडला: रस्ता B रकान्यात, उपनगर C मध्ये. बदल फक्त B मध्ये केला आणि ‘मा.’च्या आधीची मोकळी जागा सूत्रात धरली. त्यामुळे सुरुवातीचा माननीय वाचला.

```
=SUBSTITUTE(B2," मा."," मार्ग")
```

‘चौ.’ मात्र हातानेच पाहिले. एका ओळीत तो चौक निघाला, पुढच्या ओळीत चौथा मजला. ‘ग. नं. ३’ म्हणजे गल्ली की गट, हे सभासदाला फोन करूनच कळलं.

सगळ्यात जास्त अडलं ते ‘से. बा. रोड’पाशी. मुंबईत तो सेनापती बापट मार्ग आहे, पुण्यात सेनापती बापट रस्ता. अशा ठिकाणी मी आधी पिनकोड पाहिला: ४००ने सुरू झाला तर मुंबई, ४११ने झाला तर पुणे, आणि त्या गावात पाटीवर जो शब्द आहे तोच लिहिला. पुण्यातल्या रस्त्याला उगाच ‘मार्ग’ लावला नाही.