टोन कुठून येतो? पंजाबीतला ‘घोडा’ समजून घेताना या चुका टाळा

पंजाबीत ‘घोडा’ लिहितात घ नेच, पण बहुतेकांच्या बोलण्यात तो घ आता उरलेलाच नाही. नीट कान देऊन ऐकलं तर सुरुवातीला साधा क आहे, आणि पुढच्या ‘ओ’वर आवाज खाली जाऊन मग हळूच वर येतो. याच्या शेजारी ‘कोडा’ ठेवा, म्हणजे चाबूक, तिथे तोच क पण आवाज सपाट. तिसरा ‘कोढा’, म्हणजे कुष्ठरोगी, त्यातला ढ झालाय नुसता ड आणि ‘ओ’वर आवाज उंच चढून उतरतो. तीन शब्द, व्यंजनं तीच, स्वर तेच, फरक फक्त पिचचा, म्हणजे आवाज किती उंच किंवा खाली आहे त्याचा. शब्दाचा अर्थ बदलणाऱ्या अशा पिचलाच टोन म्हणतात. घ, झ, ढ, ध, भ हे वर्ण गेले आणि जाताना मागे टोन ठेवून गेले, याला टोनोजेनेसिस म्हणतात. मला हा सगळा प्रकार प्रचंड आवडतो, आणि म्हणूनच तो चुकीचा सांगितलेला दिसला की राहवत नाही.

चूक पहिली: आधी व्यंजन हरवलं, मग भरपाई म्हणून टोन आला असं समजणं

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. जरा विचार करा, घ चा क होऊन गेला आणि टोन अजून आलाच नाही, तर मधल्या काळात घोडा आणि चाबूक एकच शब्द झाला असता, आणि एकदा एकजीव झालेले शब्द पुढची पिढी परत वेगळे कशाच्या आधारावर करणार? तसं होत नाही. पिचचा फरक आधीपासूनच असतो, फक्त तो कुणाच्या लक्षात येत नाही.

तो असतो कारण ग, ब, द सारखी मृदू व्यंजनं म्हणताना स्वरतंतू थोडे सैल असतात आणि क, प, त सारखी कठोर म्हणताना ताणलेले, त्यामुळे पुढच्या स्वराची सुरुवात मृदू व्यंजनानंतर जराशी खालून होते. मराठीत ‘पार’ आणि ‘बार’ रेकॉर्ड करून बघा, ‘बार’चा आ थोडा खालून सुरू झालेला दिसेल. फरक साधारण दहा-वीस हर्ट्झचा, आणि स्वर सुरू झाल्यावर १०० मिलिसेकंदांच्या आसपास तो विरून जातो. घ, भ मधे तर हवा सोडत सैल आवाजात बोललं जातं म्हणून पिच अजून खाली ओढलं जातं.

आता ऐकणारा, विशेषतः भाषा शिकणारं मूल, शब्द ओळखायला दोन्ही खुणा वापरतं, व्यंजनही आणि पिचही. हळूहळू पिचची खूण ठळक होत जाते, व्यंजनाची पुसट होते, आणि एक दिवस असा येतो की व्यंजन गेलं तरी कुणाचं काही अडत नाही. शब्दांमधला फरक मधे कधीच तुटलेला नसतो, नुसता एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलेला असतो.

हे आज डोळ्यांसमोर घडताना बघायचं तर सोलची कोरियन बघा. तिथे चंद्राला ‘ताल’ आणि मुखवट्याला ‘थाल’ (आपल्या कानाला ऐकू येतं तसं लिहितोय). जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘थाल’मधला हवेचा झोत स्पष्ट लांब असतो, तरुणांच्या बोलण्यात दोन्हीतला झोत जवळजवळ सारखा झालाय, आणि शब्द ओळखला जातो पिचवरून, मुखवटा उंच आणि चंद्र खाली. मधल्या वयाच्या लोकांकडे दोन्ही खुणा थोड्या थोड्या सापडतात.

चूक दुसरी: ‘मृदू म्हणजे खालचा टोन’ हे सूत्र पाठ करून सगळीकडे लावणं

वर सांगितलेलं सूत्र स्वराच्या *आधी* आलेल्या व्यंजनासाठी आहे. पंजाबीतच बघा, ‘बाघ’ म्हणजे वाघ आणि ‘बाग’ म्हणजे बगिचा. ‘बाघ’मधला घ शेवटी आहे, तो क होत नाही, ग होतो, आणि आधीच्या ‘आ’वर उंच टोन येतो. सूत्र पाठ असणारा माणूस इथे खालचा टोन शोधत बसतो आणि डेटाच चुकीचा आहे म्हणतो. यामागची एक मांडणी अशी की पिच पुढच्या सैल व्यंजनाकडे उतरत जातं, त्यामुळे त्याच्या आधीचा भाग उंच जाणवतो आणि तोच चढ-उतार पुढे पक्का होतो.

म्हणून पंजाबीचा शब्द हाताळताना एकच प्रश्न विचारा: आघात असलेला स्वर घ, ढ सारख्या जुन्या मृदू महाप्राणाच्या आधी आहे की नंतर? आधी असेल तर उंच, नंतर असेल तर खालचा. ‘पढ’ (वाच) आणि ‘पढा’ (शिकव) घ्या. ‘पढ’मधे आघात ‘प’च्या अ वर, ढ त्याच्या नंतर, म्हणून उंच टोन. ‘पढा’मधे आघात शेवटच्या ‘आ’वर गेला, ढ आता त्याच्या आधी आला, म्हणून खालचा टोन. धातू एकच, ढ एकच, पण टोन बदलला! सुरुवातीच्या घ, ध, भ वरच बोट ठेवून बसलात तर हे कधीच सुटणार नाही.

चूक तिसरी: काहीही हरवलं की टोन येणारच

नाही येत. प्राकृत ‘हत्थ’ चा हिंदीत ‘हाथ’ झाला आणि मराठीत ‘हात’, म्हणजे आपल्याकडे महाप्राण सरळ गेला, तरी ‘हात’वर कुठलाही टोन नाही. पिचचा माग तयार होणं वेगळं आणि भाषेने तो शब्द वेगळे ठेवायला कामाला लावणं वेगळं. म्हणून दावा करण्याआधी जुनं व्यंजन टिकवलेली बोली शेजारी ठेवून बघा. लाओसकडच्या खमू भाषेत हे फार सुंदर दिसतं: पूर्वेकडच्या बोलीत ‘बूच’ म्हणजे तांदळाची दारू आणि ‘पूच’ म्हणजे कपडे काढणं, पश्चिमेकडच्या एका बोलीत दोन्हीला ‘पूच’, पण दारूचा खालच्या टोनमधे आणि कपड्यांचा उंच. जिथे पूर्वेला ब तिथे पश्चिमेला खालचा टोन, हे एका जोडीत नाही तर शब्दामागून शब्दात जुळायला हवं.

मोजताना अडलात तर

प्राट हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर वापरून फक्त स्वराच्या सुरुवातीचं पिच मोजू नका, तिथे फरक मराठीतही सापडतो आणि मग मराठीलाही टोन आहे असं वाटायला लागतं, मी स्वतः सुरुवातीला हेच केलं होतं. स्वराचे दहा सारखे भाग करा आणि प्रत्येक ठिकाणी मोजा. दोन शब्दांच्या पिचच्या रेघा स्वराच्या मध्यापर्यंत एकत्र आल्या तर तो नुसता व्यंजनाचा परिणाम. शेवटपर्यंत एकमेकींपासून लांब राहिल्या आणि सुरुवातीची व्यंजनं सारखीच निघाली, तर टोन. मधेच पिच अचानक बरोब्बर अर्धं झालेलं दिसलं तर बहुतेक वेळा तो टोन नसतो, खरखरीत आवाजामुळे सॉफ्टवेअर फसलेलं असतं, तो भाग स्पेक्ट्रोग्राममधे डोळ्याने तपासा. शब्द सुटा बोलायला लावू नका, यादी वाचताना माणसं शेवटच्या शब्दावर आवाज पाडतात, एका ठराविक वाक्याच्या मधोमध ठेवा. आणि बायका-पुरुषांचे हर्ट्झ तसेच एकत्र करू नका, प्रत्येकाच्या स्वतःच्या सरासरीपासून किती सेमिटोन वर किंवा खाली ते काढा.