लिंगाच्या पुढच्या कातडीखालची लाली आणि खाज – माझा अनुभव

मी नाशिकला सिडकोत राहतो, वय ४३. मे महिन्यात पुढच्या कातडीखाली लाल चट्टे आले, खाज, लघवीला गेलं की चुरचुर आणि कातडी मागे घेतली की दह्यासारखा पांढरा थर. लाजेपोटी मेडिकलवाल्याकडून खाजेची ट्यूब आणली, दोन दिवस बरं वाटलं आणि मग दुप्पट झालं, कारण हा बुरशीचा संसर्ग होता आणि ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, त्याने लाली दबते पण बुरशी वाढते.

मग स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नुसतं बुरशीवरचं क्लोट्रिमाझोल १ टक्का क्रीम दिलं, दिवसातून दोनदा, १४ दिवस. साबण पूर्ण बंद, कोमट पाण्याने धुवायचं, नीट कोरडं करायचं आणि मगच पातळ थर लावायचा. मला चौथ्या दिवशीच खाज थांबली, पण क्रीम सोडू नका असं त्यांनी बजावलं होतं म्हणून पूर्ण केलं.

त्यांनी विचारलं, "शुगर कधी तपासली?" कधीच नाही. उपाशीपोटी १६८ आली, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ७.९ टक्के, म्हणजे डायबेटीसच. लघवीतून साखर जात असेल तर बुरशीला तिथे आयतं खाद्य मिळतं, त्यामुळे शुगर न आवरता नुसतं क्रीम लावलं तर हे परत परत येतं.

बायकोलाही खाज होती, ती बोललीच नव्हती. तिला तपासून योनीत ठेवायची गोळी दिली. त्रास नसेल तर जोडीदाराला उगाच औषध लागत नाही म्हणे. आणि हो, या क्रीमने कंडोम कमकुवत होतो, आम्ही तेवढे दिवस संबंधच टाळले.