कॅपेसिटाबिन चालू असताना तळहात-तळपाय लाल झाले? या चुका टाळा

आतड्याच्या किंवा स्तनाच्या कर्करोगात दिल्या जाणाऱ्या कॅपेसिटाबिनच्या गोळ्या बहुधा १४ दिवस घ्यायच्या आणि ७ दिवस थांबायचं, अशा असतात. या काळात अनेकांच्या तळहात-तळपायांना मुंग्या येतात, ते लाल होतात, मग साल निघू लागते. याला 'हँड-फूट सिंड्रोम' म्हणतात. हा औषधाचाच परिणाम आहे, उष्णता बाधल्याचा नव्हे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कोर्स अर्धवट राहू नये म्हणून दुखणं लपवून गोळ्या घेत राहणं. समजा, दहाव्या दिवशी हात नुसते लाल आहेत, पण दुखत नाहीत. अशा वेळी पुढच्या तपासणीत सांगितलं तरी चालतं. बाराव्या दिवशी मात्र ब्लाउजचे हुक लावताना बोटं दुखू लागली, पाय टेकवताना कळ आली, फोड आले, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. बहुतेकदा ते गोळ्या काही दिवस थांबवतात आणि लाली उतरल्यावर पुन्हा सुरू करतात, गरज पडली तर कमी डोसने. चुकलेल्या गोळ्या नंतर भरून काढायच्या नसतात. वेळीच थांबलं तर त्वचा सहसा एक-दोन आठवड्यांत सावरू लागते. ओढून नेलं तर चालणंही अवघड होतं.

दुसरी चूक घरगुती उपायांची. मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवू नका, वजरीने घासू नका, सुटलेली साल ओढू नका. उष्णता आणि घर्षण, दोन्हींनी हे वाढतं. दाह शमावा म्हणून मेंदीही लावू नका. तिच्या रंगाखाली लाली दिसतच नाही, आणि बाजारच्या कोनातली रसायनं सोललेल्या त्वचेला झोंबतात. भांडी-धुणं काही दिवस दुसऱ्या कुणीतरी करावं, हे घरच्यांनी आपणहून ठरवलं तर फार बरं.

आराम पडतो तो साध्या गोष्टींनी. साध्या पाण्याने हात धुऊन, टिपून कोरडे करून, १० टक्के युरियाचं क्रीम दिवसातून दोन-तीनदा हलक्या हाताने लावा. चिरलेल्या जागी ते झोंबतं, तिथे साधं व्हॅसलीन. रात्री वर सुती मोजे घाला. घरातही मऊ, सैल चप्पल असू द्या. थंड पाण्याच्या घड्या बऱ्या वाटतात, पण सोबत ऑक्झालिप्लॅटिन या कर्करोगाच्या दुसऱ्या औषधाची सलाइन चालू असेल तर थंडाव्याने बोटं बधिर होतात, म्हणून आधी विचारा.

दिल्लीच्या एम्समधल्या एका चाचणीत १ टक्का डायक्लोफेनॅक जेल सुरुवातीपासून दिवसातून दोनदा लावल्याने हा त्रास बराच कमी झाला. गोळ्यांच्या पुढच्या सायकलआधी डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा. फॉलिक ॲसिड असलेल्या टॉनिकचंही नाव त्यांना सांगा, कारण ते या गोळ्यांचा त्रास वाढवू शकतं.

फोडातून पू आला किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.